एचआरला पत्र लिहिताना ‘वंश’ हा शब्द गाळू नका

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांना गरज नाही त्यांनी खुशाल पुढे जावं. पण इथे इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांपैकी निदान काहींना ही एक दिवस लागेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एका ताईंनी मला त्यांच्या पत्राचा मसुदा वाचायला पाठवला. त्या नर्स आहेत, मूळ सोलापूरच्या. वॉर्डमध्ये रात्रपाळ्या वाटताना भारतीय आणि फिलिपिनो नर्सेसना जास्त रात्री आणि इंग्लिश नर्सेसना कमी, हे त्यांनी वर्षभर बघितलं होतं. त्यांनी एचआरला दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यात ‘माझ्यावर अन्याय होतोय’, ‘मला मानसिक त्रास होतोय’, ‘मी पूर्ण निष्ठेने काम करते तरी मला अशी वागणूक मिळते’ असं सगळं होतं. वाचताना गलबलून येतं. पण दोन पानांत वंश हा शब्द एकदाही नव्हता. भारतीय हा शब्दही नव्हता. मी विचारलं, हे का नाही लिहिलंत? म्हणाल्या, “अहो, एकदम तसं कसं लिहायचं? त्यांना वाटेल आपण रेस कार्ड खेळतोय.”

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे, आणि ही पोस्ट त्यासाठीच आहे. आपली माणसं संकोचापोटी जो शब्द गाळतात, तोच शब्द त्या पत्राला कायद्याचं बळ देतो. तो गाळला की उरतो तो नुसता रुसवा. रुसव्याला एचआर गोड उत्तर देतं आणि फाइल बंद करतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. इथल्या अपील ट्रायब्युनलसमोर २०१३ मध्ये लंडनच्या ईलिंग कौन्सिलच्या एका कर्मचाऱ्याचा खटला आला होता. त्यांनी तक्रार केली होती, त्यात ‘डिस्क्रिमिनेशन’ हा शब्दही वापरला होता. पण मला अयोग्य वागवलं जातंय, अशा सर्वसाधारण अर्थाने. वंशाचा संबंध त्यांनी कुठेच जोडला नव्हता. पुढे त्या तक्रारीचा राग काढला गेला, असा त्यांचा दावा होता. ट्रायब्युनल म्हणालं, तक्रार वंशाबद्दल नव्हती, तेव्हा तक्रारदाराला कायदा जे खास संरक्षण देतो ते लागू होत नाही. म्हणजे धाडस केलं, पत्र दिलं, आणि संरक्षण मात्र मिळालं नाही. ठरावीकच शब्द हवा असं नाही, पण वाचणाऱ्याला हे वंशाबद्दल आहे हे मजकुरातून कळायलाच हवं. मग सरळ लिहूनच टाकावं ना!

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला इक्वॅलिटी ॲक्ट २०१० लागू आहे. त्याच्या नवव्या कलमात ‘रेस’ची व्याख्या आहे. त्यात रंग येतो, नागरिकत्व येतं आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळही येतं. हे शेवटचं आपल्याला महत्त्वाचं. माझा पासपोर्ट आता ब्रिटिश आहे. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही ब्रिटिश, तुमचा मॅनेजर ब्रिटिश, मग भेदभाव कसला? तर उत्तर असं की नागरिकत्व बदललं तरी मूळ बदलत नाही, आणि कायदा मूळही बघतो. वांशिक मूळ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न १९८३ मध्ये इथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता, एका शीख मुलाच्या पगडीवरून. शाळेने पगडी घालून प्रवेश द्यायला नकार दिला होता. तेव्हा ठरलं की स्वतःचा दीर्घ इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा असलेला समूह हा वांशिक समूह होतो. शीख त्यात बसले. आजही हीच कसोटी वापरली जाते.

आता माझं स्वतःचं प्रकरण सांगतो. कंपनीचं नाव आणि रक्कम बोलायची नाही अशी अट आहे, ती पाळतोय. बाकी सांगायला हरकत नाही.

मिडलँड्समधली मालवाहतुकीची कंपनी, मी अकाउंट्समध्ये, सातवं वर्ष. टीम लीडरची जागा निघाली. आम्ही दोघांनी अर्ज केला, मी आणि एक इंग्लिश सहकारी. तो माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेला. माणूस चांगला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लेखी चाचणी झाली, तिचे गुण मॅनेजरने दोघांना एकाच ईमेलने कळवले: मला ७१, त्याला ६४. मग मुलाखत. १४ मार्चला मला सांगितलं की जागा त्याला मिळाली. कारण विचारलं तर म्हणाले, “कम्युनिकेशन.”

त्याआधीच्या दोन गोष्टी. नोव्हेंबरच्या टीम मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांदेखत हसत म्हणाला होता, “तुम्ही लोक मान अशी डोलावता की हो म्हणताय की नाही तेच कळत नाही.” पाच जण हजर होते. आणि जानेवारीत, या जागेची बोलणी चालू असताना, किचनमध्ये चहा करताना म्हणाला, “मोठ्या ग्राहकांना समोर आपल्यातला माणूस लागतो.” तिथे माझ्याशिवाय एक सहकारी होती.

बघा, यातलं एकही वाक्य उघड शिवी नाहीये. आजकाल शिवी कोणी देत नाही. ‘आपल्यातला’ म्हणजे कोण, असं विचारलं तर तो म्हणेल, कंपनीत रुळलेला. म्हणून अशा वाक्यांवर एकट्याने पत्र उभं राहत नाही. पत्र उभं राहतं ते सगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर.

माझं पत्र दीड पान होतं. इंग्रजीत अर्थातच, इथे मराठीत त्याची रचना सांगतो.

पहिलंच वाक्य: ‘ही कंपनीच्या ग्रिव्हन्स धोरणाखालची औपचारिक तक्रार आहे. माझं मूळ भारतीय आहे आणि त्या वांशिक मुळामुळे मला टीम लीडरची जागा नाकारली गेली, असं माझं म्हणणं आहे. हा इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खाली प्रत्यक्ष भेदभाव आहे. नोव्हेंबर आणि जानेवारीतली वक्तव्यं ही त्याच कायद्याखाली छळवणूक आहे.’ बस. पहिल्या परिच्छेदात हे आलं की पत्र रुसवा राहत नाही.

मग घटना, क्रमाने. प्रत्येक घटनेला तारीख, जागा, कोण काय बोललं ते शक्यतो जसंच्या तसं, आणि कोण हजर होतं. ‘तो नेहमीच टोमणे मारतो’ असं वाक्य मी एकही लिहिलं नाही. ‘नेहमीच’ हा शब्द तपासता येत नाही, तारीख तपासता येते. एखादी तारीख पक्की नसेल तर ‘नोव्हेंबरचा तिसरा आठवडा’ असं लिहावं. ठोकून दिलेली तारीख चुकीची निघाली की बाकीच्या खऱ्या तारखाही संशयात येतात.

मग तुलना. कायद्याच्या भाषेत याला कंपॅरेटर म्हणतात. म्हणजे असा माणूस ज्याची परिस्थिती तुमच्यासारखीच आहे, फक्त मूळ वेगळं आहे, आणि त्याला चांगली वागणूक मिळाली. मी लिहिलं: तीच जागा, तीच चाचणी, गुण ७१ आणि ६४, नोकरीची वर्षं सात आणि चार. माझ्या मते पत्राचा कणा हाच. सोलापूरच्या ताईंच्या बाबतीत कणा म्हणजे सहा महिन्यांचं ड्युटी रोस्टर: कुणाला किती रात्री, एक साधा तक्ता. रात्रपाळी कुणी मागून घेतली असेल तर तेही त्यात लिहायचं, लपवायचं नाही. समोरचा ते काढणारच.

मग त्यांनी दिलेलं कारण आणि ते का बसत नाही. ‘कम्युनिकेशन कमी’ असं सांगितलं गेलं, पण मागच्या दोन वार्षिक मूल्यमापनांत त्याच मॅनेजरने माझ्या कम्युनिकेशनला ‘अपेक्षेपेक्षा चांगलं’ असा शेरा दिलेला होता. दोन्ही मूल्यमापनं मी पत्राला जोडली.

शेवटी मागण्या. मुलाखतीच्या नोंदी आणि गुणपत्रकं जपून ठेवा. चौकशी आमच्या विभागाबाहेरच्या माणसाकडे द्या. मीटिंगला मी सोबत युनियनचा प्रतिनिधी आणणार आहे. सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस नेणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, फक्त त्यासाठी वाजवी विनंती करावी लागते. आणि मला हवंय काय, तर निवडीचा फेरविचार. हे लिहिणं फार गरजेचं. कित्येक पत्रांत दुःख असतं पण मागणी नसते, मग एचआर स्वतःच मागणी ठरवतं, आणि ती बहुधा ‘दोघांनी बसून बोलून घ्या’ अशी असते.

काय लिहिलं नाही तेही सांगतो. मॅनेजरला ‘रेसिस्ट’ म्हटलं नाही. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि माझा दावा त्याच्या मनाबद्दल नाहीच, त्याच्या निर्णयाबद्दल आहे. रजा नाकारली, पार्किंग दिलं नाही, असल्या जुन्या कुरबुरीही घातल्या नाहीत. दहा तक्रारींत दोन कच्च्या असल्या की चौकशी अधिकारी त्या दोन उचलतो आणि उरलेल्या आठ दुबळ्या दिसायला लागतात.

आता इथला सगळ्यात मोठा खड्डा. तो पत्रात नाही, कॅलेंडरात आहे.

ट्रायब्युनलकडे जायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांतून एक दिवस कमी. मला नकार १४ मार्चला कळला, म्हणजे शेवटचा दिवस १३ जून. त्या दिवसापर्यंत एकासकडे नोंद करावीच लागते. एकास म्हणजे मालक-कामगारांत समेट घडवणारी सार्वजनिक संस्था. तिच्याकडे आधी गेल्याशिवाय ट्रायब्युनल सहसा अर्ज घेतच नाही. तिथे नोंद केली की घड्याळ थांबतं. पण कंपनीत तक्रार दिली म्हणून घड्याळ थांबत नाही! हे लोकांना खरंच वाटत नाही. एचआर म्हणतं, “आमची चौकशी पूर्ण होऊ द्या ना,” आपण सज्जनपणे थांबतो, चौकशी चौदा आठवडे चालते, आणि निकाल हातात येतो तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. उशीर माफ करायचा अधिकार ट्रायब्युनलला आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी बसू नये. ही मुदत सहा महिने करणारा कायदा २०२५ मध्ये मंजूर झालाय, पण तुमच्या घटनेला कुठली मुदत लागू होते ते एकासच्या हेल्पलाइनला विचारा. तोवर जुनीच धरून चाला.

माझं वेळापत्रक असं झालं. २८ मार्चला पत्र दिलं. त्याच आठवड्यात वेगळा ईमेल करून माझ्याबद्दलची सगळी कागदपत्रं मागितली. डेटा संरक्षण कायद्याखाली आपल्याबद्दलची माहिती मागायचा हक्क प्रत्येकाला आहे, सहसा पैसे लागत नाहीत, आणि उत्तर साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. ३० एप्रिलला कागद आले. ६ मेला सुनावणी झाली. निकाल येत नाही असं दिसल्यावर २७ मेला मी एकासकडे नोंद केली. एचआरचा निकाल ५ जूनला आला.

त्या कागदांत काय होतं? मुलाखत घेणारे दोघं होते. एकाने कम्युनिकेशनला दहापैकी ७ दिले होते. दुसऱ्याने, म्हणजे मॅनेजरने, ३, आणि शेजारी पेनने लिहिलं होतं: ‘ग्राहकांपुढे जमेल?’ दुसऱ्या उमेदवाराचं गुणपत्रक मला मिळालं नाही, ती त्याची खाजगी माहिती. पण माझं गुणपत्रक पुरेसं होतं. सुनावणीत मी एकच प्रश्न विचारला: सात वर्षं मी ग्राहकांशी फोनवर बोलतोय, दोन वर्षं तुम्हीच मला चांगला शेरा दिलात, मग या तीनचं कारण काय? उत्तर आलं, “ओव्हरऑल इम्प्रेशन.”

हे उत्तर एचआरच्या खोलीत चालतं. ट्रायब्युनलसमोर ते अवघड जातं, आणि का ते समजून घ्या. कायद्याचं १३६ वं कलम सांगतं की कर्मचाऱ्याने अशी तथ्यं मांडली, ज्यांवरून दुसरं स्पष्टीकरण नसेल तर भेदभाव झाला असं म्हणता येईल, तर मग सिद्ध करायची जबाबदारी मालकावर जाते. भेदभाव झाला नाही हे त्याने दाखवायचं. पण इथे एक अट आहे. ‘मी भारतीय, तो इंग्लिश, जागा त्याला मिळाली’ एवढ्यावर जबाबदारी सरकत नाही. वरच्या कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय की वेगळं मूळ आणि वेगळी वागणूक एवढं पुरत नाही, आणखी काहीतरी लागतं. ते ‘आणखी काहीतरी’ म्हणजे माझ्या बाबतीत चाचणीचे गुण, जुने शेरे, ३ आणि ७ मधली तफावत, आणि किचनमधलं ते वाक्य. पत्रात तारखा, तुलना आणि कागद लागतात ते यासाठी.

म्हणूनच मी म्हणतो, पत्र एचआरला पाठवायचं पण एचआरसाठी लिहायचं नाही. एचआरमध्ये चांगली माणसं असतात, माझ्या प्रकरणातली बाई सौजन्याने वागली, पण तो कंपनीचा विभाग आहे. त्याचा पगार कंपनी देते आणि कंपनीला वाचवणं हेही त्याचं काम आहे. पत्र लिहायचं ते वर्षभराने ते वाचणाऱ्या अनोळखी न्यायाधीशासाठी, ज्याला तुमचं ऑफिस, तुमचा मॅनेजर, तुमचं मन यातलं काहीच माहीत नाही. त्याला जे कळेल तेच लिहा.

“मग एचआरला लिहायचंच कशाला, थेट ट्रायब्युनलला जाऊ,” असंही काही जण म्हणतात. तसं करू नका. एकासची ग्रिव्हन्सबद्दलची आचारसंहिता आहे. कर्मचाऱ्याने विनाकारण तक्रारच केली नाही तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. मालकाने ती संहिता धाब्यावर बसवली तर तेवढीच वाढू शकते. पत्र दोन्ही बाजूंनी तुमच्या कामाचं.

माझा निकाल काय लागला? कंपनीने मान्य केलं की दोन्ही वक्तव्यं ‘अनुचित’ होती. जागेबाबत भेदभाव झाला हे मान्य केलं नाही. मी अपील केलं, एकासमार्फत बोलणी चालू राहिली, ऑगस्टमध्ये समेट झाला. मी अजून त्याच कंपनीत आहे, दुसऱ्या विभागात. आमच्याकडे आता मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला गुण देताना कारण लिहावं लागतं. हा पूर्ण विजय आहे असं मी म्हणणार नाही. ती जागा मला मिळाली नाही.

आता दोन आक्षेप, जे मंडळाच्या ग्रुपवर हमखास येतात.

पहिला: “कशाला पंगा? व्हिसा जाईल.” ही भीती खोटी नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. घर, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांवर. जो या परिस्थितीत गप्प बसतो त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण त्याने दोन गोष्टी माहीत असून गप्प बसावं. एक, भेदभावाच्या दाव्याला नोकरीत अमुक वर्षं पूर्ण व्हावी लागत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. दोन, वंशभेदाची तक्रार केली म्हणून काढणं, पाळ्या बदलणं, वाईट शेरा देणं हाच कायद्याच्या २७ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा, म्हणजे स्वतंत्र दावा होतो, मूळ तक्रार पुढे सिद्ध झाली नाही तरीही. फक्त ती जाणूनबुजून खोटी नसावी. आणि हे संरक्षण कशावर उभं आहे? पत्रात वंशाचा उल्लेख आहे की नाही यावर. व्हिसावाल्या माणसाला तर त्या शब्दाची गरज सगळ्यात जास्त.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: “प्रत्येक वेळी वंशच कसा? मॅनेजरच वाईट असेल.” बरोबर. म्हणून पत्राआधी स्वतःला विचारा, हा माणूस सगळ्यांशीच असा वागतो का? जो इंग्लिश, पोलिश, भारतीय सगळ्यांवर सारखाच ओरडतो तो वाईट मॅनेजर आहे, पण वंशभेद करणारा नाही. त्याच्यावर छळाची साधी तक्रार करा, वंश मध्ये आणू नका. तसंच, कामाला खरोखर स्पष्ट इंग्रजी लागत असेल आणि आपलं कच्चं असेल, तर ते सांगणं भेदभाव नाही. पण समजण्यासारखं बोलणाऱ्याच्या उच्चारांची नक्कल करणं, त्यावर विनोद करणं, हे वेगळं. ही चाळणी आपण स्वतः लावली तर जे पत्र उरेल ते टिकेल. जो शब्द गाळू नका म्हणतो तोच मी हेही म्हणतो की तो शब्द उगाच वापरू नका.

आणि शेवटी आपल्याच अंगणातलं. हे पत्र नेहमी गोऱ्या मॅनेजरविरुद्धच लिहिलं जाईल असं समजू नका. आता आपली माणसं मॅनेजर आहेत, दुकानं आहेत, आयटी टीम आहेत. २०१४ मध्ये अपील ट्रायब्युनलने एका भारतीय घरकामगार बाईच्या खटल्यात सांगितलं की काही परिस्थितींत जातही ‘वांशिक मुळा’त येऊ शकते, कारण त्यात वंशपरंपरा येते. मालक भारतीय होते, बाई आदिवासी. तिने पुढे खटला जिंकला आणि तिला मोठी रक्कम मिळाली. कायद्यात जात स्पष्ट शब्दांत घालायची का, यावर इथे वर्षानुवर्षं वाद झाला, आणि २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की याच निकालावर विसंबायचं. तेव्हा लंचच्या वेळी नव्या मुलाला “पूर्ण नाव काय? गाव कुठलं? म्हणजे तुम्ही कोण?” असं खोदून विचारणाऱ्या आणि मग त्यानुसार कामं वाटणाऱ्या आपल्या साहेबांनाही हेच दीड पानी पत्र येऊ शकतं. तारखा, तुलना आणि कागदांसकट. आलं तर मंडळाने त्या मुलाच्या बाजूने तेवढंच ठाम राहायला हवं जेवढं माझ्या बाजूने राहिलं. तेव्हा “आपल्यातल्या आपल्यात मिटवा” म्हणणार असू, तर मॅनेजरच्या ‘आपल्यातला माणूस’वर चिडायचा हक्क आपल्याला उरत नाही.

ताईंचं पत्र परवा गेलं. एक पान आणि जोडलेला रोस्टरचा तक्ता. पहिल्या ओळीत ‘माझं वांशिक मूळ भारतीय आहे’ हे आहे. वाईट वाटून घेणारी वाक्यं त्यांनी स्वतःच काढून टाकली. अशा पाळ्या दर महिन्याला नव्याने लागतात, म्हणून शेवटच्या रोस्टरच्या तारखेपासून दिवस मोजून शेवटची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवलीय.

तुमच्यापैकी कोणी अशा अवस्थेत असेल तर ग्रुपवर ‘काय करू?’ विचारण्याआधी घटनेची तारीख शोधा आणि दिवस मोजा. आणि ग्रुपवर कोणी असं विचारलं तर ‘जाऊ दे’ म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा: तारीख कुठली?